बोल्ट तुटला नाही, काँक्रीटच उचकटून आलं, दोष कुणाचा?

प्रश्न: सांगलीत आमचं हळदीचं गोडाऊन आहे. माल चढवायच्या ओट्याच्या कडेला चेनपुलीसाठी फिरत्या आडव्याचा खांब बसवलाय, आडवा दोन मीटरचा. अर्धा टन माल वर्षभर आरामात उचलला. परवा टेम्पोतून एक टनाची मोटर उचलली, आडवा आत फिरवला आणि कडेचे दोन फाउंडेशन बोल्ट काँक्रीटचा मोठा तुकडा घेऊनच वर आले. बोल्ट २० एमएमचे, खाली नटवाले, ओट्यात सहा इंच, कडेपासून ६० एमएम, दोघांत २०० एमएम अंतर. काँक्रीट एम-२०. बोल्ट सरळ आहेत. फॅब्रिकेटर म्हणतो काँक्रीट कच्चं, काँक्रीटवाला म्हणतो बोल्ट आखूड. खरं कोण?

उत्तर:

दादा, दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत पण मुख्य गोष्ट दोघांनीही सांगितली नाही, ती म्हणजे ते ६० एमएम.

आधी तो तुकडा फेकू नका, टेप लावा. कडेच्या बाजूने तो साधारण दोन-सव्वादोन फूट लांब निघेल, बोल्टापाशी सहा इंच जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेला, परातीसारखा. तसा असेल तर हे काँक्रीटचा शंकू उचकटणं आहे. शेतात भुईमूग उपटला की मुळाबरोबर मातीचं ढेकूळ येतं ना, तसंच. बोल्ट ओढला जातो, खालचा नट वरच्या काँक्रीटला दाबतो, नटाच्या कडेपासून तडा तिरका वर पृष्ठभागाकडे निघतो. हा तडा ४५ अंशात जातो असं पूर्वी धरायचे, पण तो त्याहून बराच चपटा, साधारण ३५ अंशात जातो, म्हणजे बोल्ट जितका खोल त्याच्या दीडपट अंतर चारी बाजूंना पसरतो. तुमची खोली १५० म्हणजे प्रत्येक बाजूला २२५ एमएम काँक्रीट लागतं. ओट्याच्या आत ते आहे, कडेला फक्त ६० आहे, पुढे हवा. बांधाच्या अगदी कडेचा भुईमूग उपटल्यासारखं झालं, एका बाजूला धरायला मातीच नाही.

आता वर्षभर का टिकलं ते. आडवा बाहेर टेम्पोवर असतो तेव्हा खांब बाहेरच्या बाजूला झुकायला बघतो, म्हणजे आतले बोल्ट ओढले जातात, त्यांच्या भोवती भरपूर काँक्रीट आहे. आडवा आत फिरवला की ओढ कडेच्या दोन बोल्टांवर येते. एक टन म्हणजे साधारण १० किलोन्यूटन, दोन मीटरवर लटकलेलं, आणि बेसप्लेटखालचा तरफेचा हात फक्त २४ सेंटिमीटरच्या आसपास (प्लेट ३०० ची असेल असं धरलंय), त्यामुळे त्या दोन बोल्टांवर मिळून अंदाजे ८० किलोन्यूटन ओढ येते. म्हणजे आठ टन! लोकांना हे खरं वाटत नाही, एक टन उचलला तर बोल्टावर एक टनच आला असं धरतात. त्यात आडव्याचं स्वतःचं वजन आणि चेन खेचतानाचे झटके वेगळे.

समोर काँक्रीट किती देतं ते बघू. एम-२० म्हणजे क्यूबची ताकद २०, सूत्रात सिलिंडरची लागते, ती साधारण १६ धरू. अमेरिकन कोड एसीआय ३१८ चं सूत्र, एमएम आणि न्यूटनमध्ये:

```
Nb   = 10 * sqrt(16) * 150^1.5      = 73500 N
ANco = 9 * 150^2                    = 202500 mm2
ANc  = (60+225) * (225+200+225)     = 185250 mm2
edge = 0.7 + 0.3 * 60/225           = 0.78
N    = Nb * ANc/ANco * edge         = 52400 N
```

पहिली ओळ म्हणजे कडेपासून लांब असलेला एकटा बोल्ट, दुसरी म्हणजे त्याच्या अख्ख्या शंकूचं वरचं क्षेत्रफळ. तिसऱ्या ओळीत दोन्ही बोल्टांचे शंकू एकमेकांत घुसलेत आणि कडेला कापले गेलेत, म्हणून दोन बोल्टांना मिळून एका बोल्टाएवढंही क्षेत्रफळ उरलं नाही. चौथी ओळ वेगळी का, तर कडेजवळ काँक्रीट नुसतं कमी नसतं, ताण तिथे सगळीकडे सारखा पसरतही नाही, त्यामुळे आणखी २२ टक्के गेले. उरले ५२ किलोन्यूटन. बोल्ट साधे ४.६ ग्रेडचे धरले तरी दोघांना मिळून ताणून लांबायलाच ११८ किलोन्यूटन लागतात, म्हणून ते सरळ राहिले.

हा ५२ चा आकडा मुद्दाम खालचा असतो, प्रत्यक्ष काँक्रीट बहुतेक वेळा जास्त देतं, म्हणून अर्ध्या टनाची ४० ची ओढ निभावली. पण डिझाइनला ५२ चे ७० टक्केच धरतात, म्हणजे ३७, आणि ओढ दीडपट वाढवून ६० धरायची. म्हणजे हिशोबात तुमचा खांब अर्ध्या टनालाही बसत नव्हता, एक टनाचं सोडाच.

काँक्रीटवर आळ घ्यायचा तर हे लक्षात घ्या की सूत्रात ताकदीचं वर्गमूळ आहे. एम-२० च्या जागी एम-३० ओतलं असतं तर सगळं मिळून २२ टक्के वाढ, ५२ चे ६४. तेच एम-२० आणि तेच बोल्ट कडेपासून २२५ वर असते तर १०६ झाले असते, दुप्पट. तुटलेल्या तोंडावर खडी अख्खी दिसते म्हणून काँक्रीट कच्चं, असंही ऐकू नका. आपल्याकडची काळी खडी इतकी कडक की एम-२० मध्ये तडा तिच्या कडेकडेनेच जातो. खिळ्याने खरवडल्यावर मसाला भुगा होत असेल किंवा आत पोकळ्या दिसत असतील तर मात्र काँक्रीटवाल्याला धरा.

बोल्ट आखूड हे त्याचं म्हणणं अर्धं खरं. त्याच जागी २५० खोल घातले असते तर ८७ पर्यंत जातं. पण कडेला ६० च ठेवून खोली अडीचपटीच्या म्हणजे १५० च्या पुढे नेली की दुसरंच दुखणं सुरू होतं, नटापाशी ओट्याचं उभं तोंड फुगून बाजूने टवका उडतो, तो हिशोब वेगळा करावा लागतो.

दुरुस्तीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे तुकडा परत बसवून ग्राउट मारणं, नाहीतर त्याच जागी केमिकल अँकर ठोकणं. शंकू तोच, कड तीच, आणि नंतर बसवलेल्या अँकरला सूत्रात १० च्या जागी ७ धरतात, म्हणजे आधीपेक्षाही कमी. सळीचे यू घालून ओढ खाली न्यायची पद्धत आहे, पण सळीला शंकूच्या खालीही पुरेशी पकड हवी आणि शंकूच्या आतही, १५० खोलीत ती मिळत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर ओटा तसाच ठेवून खांब काढला असता, आणि ओट्याला चिकटून पण वेगळा, जमिनीतून वर आणलेला फाउंडेशन ब्लॉक केला असता. बोल्ट ३०० खोल, खाली नटाबरोबर प्लेट, उभ्या सळ्या बोल्टाला लागून, आणि कड जितकी लांब ठेवता येईल तितकी. एक टन उचलायचा असेल तर साइज एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून काढून घ्या, तो ब्लॉक उलटणार नाही हेही त्याला बघायला सांगा. तोपर्यंत आतले दोन बोल्ट शाबूत दिसतात म्हणून त्यांच्या भरवशावर पोती उचलू नका, आडवा आत फिरला की ते दाबाच्या बाजूला असतात, ओढीला तिथे आता काहीच नाही.