मे महिन्यात लेक मिशिगनवर कयाकिंग करताना काय घालावं?

प्रश्न: "नुकताच शिकागोला आलोय. तारकर्लीला कयाकिंग केलंय, पोहताही चांगलं येतं. या शनिवारी हवा २६ अंश असणार आहे. टी-शर्ट आणि शॉर्ट्स चालतील का? मित्र ड्रायसूट घाल म्हणतो, पण त्यात उकडून जीव जाईल ना?"

मित्राचं ऐका. मे महिन्यात इथे हवा २६ अंशांवर गेली तरी किनाऱ्याजवळचं पाणी ९-१० अंशांवरच असू शकतं. कपडे ठरवायचे ते त्या आकड्यावरून. तारकर्लीला समुद्र २७-२८ अंश असतो, तिथे कयाक उलटली तर फक्त भिजायला होतं. इथली गोष्ट वेगळी आहे.

९ अंशांच्या पाण्यात अचानक पडलं की छाती आपोआप मोठा श्वास ओढते, तो आपल्याला रोखता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट आत जातं. पुढचा मिनिटभर धाप लागल्यासारखा श्वास चालतो आणि पोहणं सोडाच, नीट ओरडताही येत नाही. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांनी हे १-१०-१ असं मांडलंय: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती साधारण १० मिनिटं आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. माणसं बुडतात ती बहुतेक पहिल्या दोन टप्प्यांत. बोटं आखडली की पॅडल धरता येत नाही आणि उलटलेल्या कयाकवर परत चढता येत नाही. म्हणून चांगलं पोहता येण्याचा इथे फारसा उपयोग नाही. लाइफ जॅकेट मात्र अंगावर, बकल लावून हवंच. पहिल्या मिनिटात तेच तोंड पाण्यावर ठेवतं.

ड्रायसूट म्हणजे मान आणि मनगटांशी घट्ट रबर असलेला अंगभर सूट. तो स्वतः ऊब देत नाही, फक्त पाणी बाहेर ठेवतो. ऊब आतल्या कपड्यांची. ९ अंशांना मी आत पातळ मेरिनो लोकर, वर एक फ्लीस आणि पायात लोकरी मोजे घालेन. सुती काहीही नको, घामाने भिजलं की ते अंगाला गार चिकटतं. हातात निओप्रीनचे, म्हणजे फोमसारख्या जाड रबराचे ग्लोव्हज, आणि निओप्रीनची टोपी लाइफ जॅकेटच्या खिशात न ठेवता डोक्यावर. चेन पूर्ण लावल्यावर उकिडवं बसा, गुडघे छातीशी घ्या आणि मानेच्या रबरात बोट घालून आतली हवा सोडा, नाहीतर पाण्यात पाय फुग्यासारखे वर येतात. वेटसूट म्हणजे पाणी आत आलं तरी ऊब धरणारा निओप्रीनचा सूट; बिनबाह्यांचा ३ मिमीचा १६-१८ अंशांच्या पाण्याला ठीक आहे, पण ९ अंशांना उघडे हात लवकर कामातून जातात.

उकडण्याबद्दल. उकडतं, हे खरंच आहे. पण त्यावर उपाय हाताशी असतो: पाण्यात हात-डोकं बुडवायचं, नाहीतर किनाऱ्यालगत उतरून गळ्यापर्यंत बसायचं. गाडीवरून कयाक उतरवणं, सामान भरणं सगळं आधी उरका आणि सूट शेवटी चढवून लगेच निघा. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: हवेसाठी चेन अर्धी उघडी ठेवणं. आत पाणी भरलं म्हणून माणूस तळाला जात नाही, पण आतले कपडे भिजून ऊब जाते, आणि पाण्याने भरलेले पाय घेऊन कयाकवर चढणं जवळजवळ अशक्य होतं.

निघण्याआधी चाचणी घ्या. सोबतीला किनाऱ्यावर उभं करून कंबरभर पाण्यात जा, गळ्यापर्यंत बसा आणि १० मिनिटं थांबा. शेवटी ग्लोव्हज घातलेल्या हातांनी लाइफ जॅकेटचं बकल उघडून परत लावून बघा. जमलं नाही तर ग्लोव्हज पुरेसे नाहीत. मनगटातून किंवा मानेतून गार रेघ आत उतरल्यासारखी वाटली तर तिथलं रबर गळतंय. बाहेर आल्यावर आतले कपडे सगळीकडे सारखे दमट असतील तर तो घाम. एकच बाही मनगटापासून ओली असेल तर गळती.

पाण्याचं तापमान NOAA या अमेरिकेच्या सरकारी हवामान-समुद्र संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतं, पण सरोवराच्या मध्यावर तरंगणाऱ्या मोजणीच्या बोयाचा आकडा तुमच्या किनाऱ्याला लागू पडेलच असं नाही. दक्षिणेचा वारा एक-दोन दिवस टिकला की या पश्चिम काठावरचं वरचं पाणी आत ढकललं जातं आणि तळाचं गार पाणी वर येतं. मग ऐन जुलैतही काल २० अंश असलेलं पाणी आज १० अंशांवर आलेलं दिसतं. म्हणून दोरीला थर्मामीटर बांधून, जिथे उतरणार तिथेच मोजा.

ड्रायसूट महाग आहे, हे मान्य. भाड्याने मिळाला नाही तर हा शनिवार सोडा आणि जूनच्या अखेरीस आसपासच्या लहान, उथळ तळ्यांवर जा. ती मोठ्या सरोवराच्या कितीतरी आधी तापतात, आणि तिथे २१ अंशांच्या वर आकडा दिसला की तुमचे शॉर्ट्स आणि लाइफ जॅकेट पुरे.