त्यानं नुसतं 'थँक यू' म्हटलं

ताई, आम्ही सात महिने एकत्र आहोत. मी २८ वर्षांची, तो ३१. महिन्यापूर्वी रात्री त्याच्या घरून निघताना, चपला घालता घालता मी 'आय लव्ह यू' म्हणून टाकलं. तो जरा वेळ गप्प राहिला, मग 'थँक यू' म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मला अजून तो शब्द वापरता येत नाही, थोडा वेळ दे." तेव्हापासून मी रोज रात्री 'लव्ह यू' पाठवते आणि तो नुसता बदाम पाठवतो. मी घाई केली का? आणि अजून किती थांबू?

सात महिन्यांना काही कोणी घाई म्हणणार नाही. तुझी वेळ चुकली ती त्या दोन मिनिटांपुरती. एक पाय चपलेत, एक बाहेर, दार उघडं! त्या बिचाऱ्याला विचार करायला उसंतच नव्हती, मग तोंडात आलं ते 'थँक यू'. फोन ठेवता ठेवता किंवा भांडण मिटल्याच्या भरात म्हटलं, तरी असंच होतं. हे बोलायचं ते दोघं निवांत बसलेले असताना, पुढे तासभर कुणाला कुठे जायचं नसताना. आणि त्याआधी स्वतःला विचारायचं: तो 'अजून नाही' म्हणाला, तर उद्या मी त्याच्याशी आजच्यासारखी बोलू शकेन का? नसेन, तर अजून थांबलेलं बरं. कारण तेव्हा आपण काही सांगत नसतो, मागत असतो.

तुझे रात्रीचे मेसेज मला तसलेच वाटतात. पहिल्या दिवशी तू मनातलं सांगितलंस. त्यानंतरचे तीस दिवस तू रोज दार वाजवून बघते आहेस. त्याच्या बाजूनं बघ. अकरा वाजले की फोन वाजणार, आणि आज तरी ते म्हणावं की पुन्हा बदामावर भागवावं, हे ठरवावं लागणार. एखाद्या रात्री कंटाळून किंवा तुझी कीव येऊन त्यानं ते टाइप केलं, तर तुला ते खरं वाटेल का? मला नाही वाटत. म्हणून ते मेसेज बंद कर, पण अबोला धरून नव्हे. त्याला एकदा सरळ सांग: "मी म्हटलं ते खरंच आहे, पण रोज म्हणून तुझ्यावर ओझं टाकणार नाही. तुला वाटेल तेव्हा तुझ्या शब्दांत सांग."

तुझ्या शब्दांत, हे मुद्दाम म्हणते. आपल्याकडे 'आवडतेस' आणि 'प्रेम आहे' यांच्या मध्ये 'जीव लागलाय' अशी एक छान पायरी आहे. 'आय लव्ह यू'शी अडखळणारी माणसं तिथे सहज उभी राहतात. तो असं काही बोलून गेला असेल आणि तू ठरावीक तीन शब्दांची वाट बघताना ते निसटून गेलं असेल, तर जरा आठवून बघ.

तयार नसणं आणि नको असणं यांतला फरक तुला त्याच्या वागण्यात दिसेल. तू म्हटल्यानंतरचा महिना आणि त्याआधीचा महिना शेजारी ठेव. भेटी तेवढ्याच आहेत का? दोन महिन्यांनंतरचं काही ठरवताना तो तुला धरूनच बोलतो का? विषय निघाला की अडखळत का होईना, कारण सांगतो का? मागे एकदा हेच म्हणून पस्तावलो, किंवा आमच्या घरात असं कोणी बोलतच नाही, असलं काही? हे सगळं असेल, तर तो नुसता सावकाश चालणारा माणूस आहे. भेटी कमी झाल्या असतील, मित्रांसमोर तुझी ओळख करून देताना शब्द गिळत असेल आणि विषय काढला की चिडत असेल, तर 'वेळ दे' म्हणजे 'विचारू नकोस' इतकंच.

दोघं एकाच वेळी तिथे पोचतील ही अपेक्षा मुळातच फार मोठी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, प्रेमाची कबुली द्यावी असा विचार पुरुषांच्या मनात बायकांपेक्षा सरासरी सहा आठवडे आधी आल्याचं दिसलं. लोकांचा समज नेमका उलटा होता. तुमच्याकडे तू पुढे आहेस, एवढंच.

किती थांबायचं? मनाशी तीन महिने धर, पण त्याला ती तारीख सांगू नकोस. तारीख सांगितली की तो तारखेला उत्तर देईल, तुला नाही. तीन महिन्यांनी 'आता तरी म्हणशील का' असंही विचारू नकोस. "पुढच्या वर्षी आपण दोघं कुठे असू असं तुला वाटतं?" एवढं विचार आणि मग गप्प बस. तो गप्प राहिला, तर ती शांतता भरून काढायला तू बोलू नकोस.

आज रात्री अकराला काय पाठवायचं, हा प्रश्न उरतोच. दिवसभरातलं काहीतरी सांग आणि झोप म्हणाव.