डॉक्टरांनी सांगितलं, नर्सने केलं, मग जबाबदार कोण?

प्रश्न: "ताई, बी.एस्सी. नर्सिंगला आहे. ज्युरिसप्रुडन्सच्या असाइनमेंटला माहितीपूर्ण संमती, निष्काळजीपणा आणि नर्सची अधिकारकक्षा हे तीन मुद्दे भारतीय केसेससह लिहायचेत. नोट्समध्ये नुसत्या व्याख्या आहेत. नर्स तर डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणेच वागते, मग तिची जबाबदारी नेमकी कुठे सुरू होते?"

तुझ्या शेवटच्या वाक्यातच असाइनमेंटचा विषय आहे, त्यामुळे तिथूनच सुरुवात कर. तीन मुद्द्यांची तीन वेगळी पानं करू नकोस. प्रत्यक्ष खटल्यात हे मुद्दे एकमेकांत गुंतून येतात, आणि तसे ते कुठे येतात हे पाहायचं असेल तर स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचं प्रकरण घे. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल १९९८ चा आहे. आपल्याकडे नर्सच्या हातून झालेल्या चुकीवर इतकं थेट बोलणारे निकाल थोडेच आहेत, तरी बहुतेक विद्यार्थी तो एका ओळीत उरकतात.

घटना डिसेंबर १९९३ मधली, दिल्लीतली. टायफॉइडसाठी उपचार घेणारं एक लहान मूल दाखल होतं. डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल लिहिलं होतं. नर्सने वडिलांना आणायला सांगितलं ते क्लोरोक्वीन, म्हणजे मलेरियाचं औषध, आणि तेच शिरेतून दिलं. क्लोरोक्वीन शिरेतून झपाट्याने गेलं तर रक्तदाब कोसळतो आणि हृदय बंद पडू शकतं. मुलाचं हृदय बंद पडलं. जीव वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मानसिक यातनांसाठी वेगळे पाच लाख रुपये भरपाई ठरवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

आता यात निष्काळजीपणा कसा सिद्ध होतो ते एकेक पायरीने लिही. पहिली पायरी कर्तव्याची. मूल वॉर्डात दाखल झालं त्या क्षणी रुग्णालयाचं आणि ड्युटीवरच्या नर्सचं त्याच्याबद्दलचं कर्तव्य सुरू झालं. दुसरी पायरी कर्तव्यभंगाची, आणि खरा वाद नेहमी इथेच होतो. मापदंड सर्वोत्तम नर्सचा लावत नाहीत. साधारण सक्षम नर्स त्या जागी काय करेल, एवढंच पाहतात. १९५७ च्या इंग्लंडमधल्या बोलॅम खटल्यातून आलेली ही कसोटी आपली न्यायालयंही वापरतात. साधारण सक्षम नर्स औषध ट्रेमध्ये घेताना, भरताना आणि देण्यापूर्वी अशी तीनदा अँप्युलवरची चिठ्ठी ऑर्डर शीटशी ताडून पाहते. इथे एकदा जरी ताडली असती, तरी "क्लोरो" या सारख्या सुरुवातीपुढची अक्षरं वेगळी आहेत हे दिसलं असतं. तिसरी पायरी इजेची, आणि चौथी म्हणजे ती इजा याच चुकीमुळे झाली का. इंजेक्शन दिल्याबरोबर मूल कोसळलं, त्यामुळे या प्रकरणात दुवा जुळवायला फार सायास पडले नाहीत.

चौथी पायरी विद्यार्थी गाळतात, म्हणून तिच्यावर एक परिच्छेद अवश्य दे. समज, रात्री दोनचा रक्तदाब नोंदवायचा राहिला आणि पहाटे रुग्ण अशा कारणाने दगावला ज्याचा रक्तदाबाशी काही संबंध नव्हता. कर्तव्यभंग झालाय, पण त्यातून ती इजा झालेली नाही, म्हणून भरपाईचा दावा टिकणं अवघड. रुग्णालयाची खातेनिहाय चौकशी किंवा नर्सिंग कौन्सिलकडची तक्रार मात्र तरीही होऊ शकते, कारण तिथे प्रश्न तुझ्या वागणुकीचा असतो.

त्याच प्रकरणात अधिकारकक्षाही आहे. त्या नर्सची कुठल्याच राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी नव्हती. विमा कंपनीवर बोजा टाकता आला नाही, त्याचं कारण हेच. इंजेक्शन स्वतः न देता तिच्यावर सोडलं म्हणून निवासी डॉक्टरांनाही दोषी धरलं, आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या कृत्याबद्दल रुग्णालयाला. म्हणजे "जबाबदार कोण" याचं उत्तर एक नाव कधीच नसतं. सोपवणारा, करणारा आणि नोकरीवर ठेवणारा या तिघांचीही जबाबदारी तपासली जाते, आणि एकाची सिद्ध झाली म्हणून दुसऱ्याची पुसली जात नाही.

नर्सने काय करावं आणि काय करू नये याची एकच छापील यादी आपल्या कायद्यात सापडणार नाही, त्यामुळे ती शोधण्यात वेळ घालवू नकोस. महाराष्ट्रात कुंपण कशाकशाने पडतं ते लिही. नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली होते. शिक्षणाचा दर्जा आजवर १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने ठरत आला, आणि त्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा आला आहे. दुसऱ्या बाजूची भिंत राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ चं कलम ३४ आहे. वैद्यक नोंदवहीत नाव नसताना वैद्यक व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या दोन भिंतींच्या मधली जागा रुग्णालयाचं लेखी धोरण, स्टँडिंग ऑर्डर आणि तुझं प्रत्यक्ष प्रशिक्षण यांनी भरते. म्हणून एखादी कृती अधिकारकक्षेत आहे का, हे मी वॉर्डात तीन प्रश्नांनी तपासायला सांगते: मी हे शिकले आहे का, इथे मला हे करायची लेखी मुभा आहे का, आणि काही बिघडलं तर सावरणारं कुणी हाकेच्या अंतरावर आहे का.

आता "ऑर्डर होती" या बचावाकडे ये. समज, ऑर्डर शीटवर इन्सुलिन "4U" असं घाईत लिहिलंय आणि U शून्यासारखा दिसतोय. चार युनिट की चाळीस? जेवण नीट न केलेल्या, साखर १६० असलेल्या आजींना चाळीस युनिट कुणी देणार नाही, हे कुठल्याही प्रशिक्षित नर्सला कळतं. कळत असूनही तिने विचारलं नाही आणि चाळीस दिले, तर अक्षर डॉक्टरांचं होतं म्हणून ती सुटत नाही. शंकास्पद ऑर्डर अमलात आणण्यापूर्वी विचारणं हाच तिच्या कर्तव्याचा भाग आहे. फोनवरच्या ऑर्डरलाही हेच लागू. औषध, मात्रा, मार्ग ऐकून लिहायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं, समोरून होकार घ्यायचा, वेळ टाकायची, आणि रुग्णालयाने दिलेल्या मुदतीत डॉक्टरांची सही घ्यायची. विचारूनही डॉक्टर अडून बसले तर सिस्टर इन्चार्ज आणि आरएमओ यांना कळवायचं, आणि कळवल्याची वेळ नर्सेस नोट्समध्ये लिहायची. नुसतं तोंडी नाही म्हणून निघून जाणं पुरेसं नाही, कारण रुग्ण तिथेच असतो.

संमतीसाठी समीरा कोहली प्रकरण, सर्वोच्च न्यायालय, २००८. एका ४४ वर्षांच्या स्त्रीने लॅपरोस्कोपीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांच्या सहायकाने बाहेर बसलेल्या आईची सही आणली, आणि गर्भाशय, बीजवाहिन्या व अंडाशय काढून टाकले. न्यायालयाने म्हटलं की रुग्ण सज्ञान होती, थोड्या वेळात शुद्धीवर येणार होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून आईच्या संमतीला अर्थ नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. शस्त्रक्रिया सद्भावनेने केली असली तरी २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली आणि डॉक्टरांना त्यांचं बिलही मिळालं नाही. किती माहिती द्यायची, यावर न्यायालयाने अमेरिकी पद्धतीचा सर्व काही सांगण्याचा निकष घेतला नाही. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, ठळक धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, एवढं पुरेशा प्रमाणात सांगितलं पाहिजे, असं ठरवलं.

यात नर्स कुठे? माहिती देण्याचं काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं. नर्स फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही करते, तेव्हा ती शस्त्रक्रिया समजावल्याची हमी देत नाही. या माणसाने, शुद्धीत, आपल्यासमोर सही केली, एवढंच ती सांगते. म्हणूनच "सिस्टर, सही घेऊन या" असं म्हणून कोरा फॉर्म हातात दिला जातो तेव्हा तो परत करायचा असतो.

वॉर्डातली सकाळ डोळ्यासमोर आण. ओटीत जायची वेळ आठची. फॉर्मवर गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया इंग्रजीत लिहिलेली, खाली मराठी सही. प्रीमेडिकेशन भरताना बाई विचारतात, "गाठच काढणार ना सिस्टर, पिशवी नाही ना?" या एका वाक्यानंतर ती सही संमती राहिली की नाही, अशी शंका उभी राहते. अशा वेळी स्वतः शस्त्रक्रिया समजावून सांगायला बसू नकोस, तो तुझ्या अधिकारकक्षेबाहेरचा भाग आहे. प्रीमेडिकेशनही देऊ नकोस, कारण गुंगीत घेतलेली संमती कोर्टात उभी राहत नाही. सर्जनना फोन कर आणि असं काहीतरी लिही: "स. ७.४०. रुग्णाने विचारले, 'गाठच काढणार ना, पिशवी नाही ना?' प्रीमेडिकेशन थांबवले. स. ७.४५, सर्जनना फोनवरून कळवले. स. ८.०५, सर्जन रुग्णाशी मराठीत बोलले, रुग्णाने नवीन फॉर्मवर सही केली." रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. "रुग्ण गोंधळलेली वाटली" असं लिहिलंस तर तो तुझा निष्कर्ष होतो, आणि उलटतपासणीत आधी त्याच्यावरच बोट ठेवतात.

नातेवाइकांची सही हा आपल्याकडचा जुना घोळ आहे. सज्ञान, भानावर असलेल्या रुग्णाच्या जागी नवऱ्याची किंवा मुलाची सही चालत नाही. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. जीव धोक्यात आहे आणि संमती घ्यायची सोयच नाही, तेव्हा सद्भावनेने केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० संरक्षण देतं. समीरा कोहली प्रकरणात डॉक्टरांच्या कामी हा अपवाद आला नाही, हे जोडून दाखवलंस तर दोन्ही गोष्टी स्पष्ट होतील.

फौजदारी भागात जुन्या नोट्स उतरवू नकोस. त्यांत भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ आणि दोन वर्षं कैद असं असेल. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना न्याय संहितेचं कलम १०६(१) लागतं. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना घडला असेल तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत कुणाला, ते कलमाच्या स्पष्टीकरणात आहे: ज्याची पात्रता राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने मान्य केली आहे आणि ज्याचं नाव वैद्यक नोंदवहीत आहे त्याला. नर्सचं नाव तिथे नसतं. म्हणजे शब्दशः वाचलं तर एकाच वॉर्डातल्या एकाच मृत्यूसाठी डॉक्टरांना कमाल दोन वर्षं आणि नर्सला कमाल पाच. मला हे अन्यायाचं वाटतं आणि तू तसं मत असाइनमेंटमध्ये जरूर मांड, पण आधी कलमाचे शब्द दे, मग मत. सोबत जेकब मॅथ्यू प्रकरण, २००५ जोड. फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो, हे तिथे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तो खटला डॉक्टरांचा होता, त्यामुळे नर्सच्या बाजूने तो वापरताना "याच तर्काने" असं लिही, "न्यायालयाने नर्सबद्दल म्हटलं" असं नको.