१०,००० जनुकांची चाळणी: बॉन्फेरोनी की एफडीआर?

प्रश्न: १०,००० जनुके एकदम तपासली, पण बॉन्फेरोनीनंतर जवळजवळ काहीच उरत नाही. एफडीआर चालेल का?

उत्तर: यादी पुढच्या तपासणीसाठी असेल, तर चालेल. बॉन्फेरोनी एकही खोटा शोध होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत ठेवते, म्हणून पी-मूल्य ०.०००००५ च्या आत लागते. एफडीआर म्हणजे स्वीकारलेल्या यादीतील खोट्या शोधांचे अपेक्षित प्रमाण; ते ५ टक्क्यांच्या आत ठेवणाऱ्या बेंजामिनी-हॉचबर्ग पद्धतीत पी-मूल्ये चढत्या क्रमाने लावून, ज्या सर्वांत मोठ्या k क्रमांकाशी p ≤ (k/१०,०००) × ०.०५ जुळते, तिथपर्यंतची सर्व जनुके स्वीकारतात. तो क्रमांक २०० आला, तर उंबरठा ०.००१ होतो आणि त्या यादीत साधारण १० खोटी असू शकतात, हे आपण आधीच मान्य केलेले असते. मात्र त्यांतून मनाजोगती १५ नंतर वेचली, तर त्या १५ ना ही ५ टक्क्यांची मर्यादा लागू राहत नाही (ही चूक फार दिसते). प्रत्येक जनुकाविषयी स्वतंत्र, ठाम दावा करायचा असल्यास होल्म पद्धत वापरावी. तिची हमी बॉन्फेरोनीइतकीच असून शोध कधीही कमी मिळत नाहीत.