क्विड प्रो क्वो: इटालियन मजकुरात 'देवाणघेवाण' जुळत नाही

प्रश्न: एका इटालियन पुरवठादाराची पत्रं मराठीत करतेय. तारखेवरून 'क्वी प्रो क्वो' झालं असं तो लिहितो. इंग्रजीतल्या 'क्विड प्रो क्वो'सारखं देवाणघेवाण म्हटलं तर वाक्य लागत नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर: तुमचं काही चुकत नाहीये. याच शब्दानं मला पूर्वी चांगलंच गाळात घातलंय, म्हणून राहवलं नाही.

इटालियनमध्ये 'क्वी प्रो क्वो' म्हणजे गैरसमज, एकाच्या जागी दुसरंच समजणं. फ्रेंचमध्येही तेच. मूळ लॅटिनच्या जवळ तेच लोक आहेत: 'एकाच्या जागी दुसरं'. युरोपातले जुने औषधविक्रेते एखादं द्रव्य नसलं की त्याऐवजी कोणतं चालेल याच्या याद्या ठेवत, आणि त्या बदलीला हे नाव होतं. आपल्याकडे आयुर्वेदात चित्रक नसेल तर दंती घ्या म्हणतात, ते प्रतिनिधी द्रव्य, तसंच. चुकून भलतंच दिलं की घोटाळा, त्यातून गैरसमज. इंग्रजीत मात्र 'हे घे, ते दे' हा अर्थ रुजला. कायद्याच्या मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द 'प्रतिफल'.

माझं झालं असं. पत्रात होतं, 'माल पोचवण्याच्या तारखेबाबत क्वी प्रो क्वो झाला'. मी लिहिलं, 'तारखेबाबत परस्पर मोबदल्याचा व्यवहार ठरला'. ग्राहकाला वाटलं, आपल्या माणसानं मुदतवाढीच्या बदल्यात काहीतरी कबूल केलंय. दोन दिवस त्यांच्याकडे चौकशी! अनुवाद करून घेणाऱ्या कार्यालयानं दिलेल्या शब्दसूचीत हाच प्रतिशब्द पक्का केला होता. मला वाक्य खटकलं होतं, विचारलंही होतं. उत्तर आलं, 'सूची बदलता येत नाही'. पैसे मात्र माझेच कापले. असो, तो राग अजून गेलेला नाही.

ओळखायचं कसं? 'क्वी' असं 'ड' शिवाय असेल आणि मागेपुढे 'झाला', 'दूर केला' अशी क्रियापदं असतील तर गैरसमज. 'ड' असेल तर जरा थांबा: मदतीच्या बदल्यात काम करून मागितल्याचा आरोप झालेल्या २०१९ च्या ट्रम्प-युक्रेन प्रकरणानंतर इटलीतल्या बातम्यांतही इंग्रजी अर्थ दिसतो. एरवी देण्याघेण्यासाठी इटालियन माणूस लॅटिनमधलं 'दो उत देस' म्हणतो, 'तू द्यावंस म्हणून मी देतो'. मी वकील नाही; करारनामा असेल तर पाठवणाऱ्यालाच विचारा.

जाता जाता, लॅटिनमधल्याच 'कार्पे दिएम'लाही हाच रोग. टी-शर्टवर त्याचा अर्थ 'झडप घाल, मजा कर' झालाय. रोमन कवी होरेसच्या मूळ कवितेत 'कार्पे' म्हणजे झाडावरून पिकलेलं फळ खुडणं. तो ल्यूकोनोए नावाच्या बाईला सांगतो, ज्योतिषाचे आकडे मांडत बसू नकोस, वाइन गाळ, लांबच्या आशा छाटून टाक. सगळा बागायतदाराचा शब्दसंग्रह! म्हणून मी 'दिवस खुडून घे' लिहिते. संपादक दर वेळी ते 'क्षण जगा' करून परत पाठवतात.