चॅपरोनला ‘पाठराखीण’ म्हणावे का?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधील कादंबरीचा अनुवाद करते आहे. तरुणीबरोबर नृत्यसमारंभाला जाणाऱ्या ‘चॅपरोन’ला ‘पाठराखीण’ म्हटले तर चालेल का?

चालणार नाही, कारण चॅपरोनचे काम त्या तरुणीचे लग्न लागताच संपते आणि पाठराखिणीचे काम नेमके तेव्हाच सुरू होते. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिला परके वाटू नये म्हणून माहेरची एखादी आजी, मावशी किंवा बहीण चार दिवस तिच्याजवळ राहते, ती पाठराखीण. तिचे काम धीर देण्याचे आहे, नजर ठेवण्याचे नाही.

आपल्याकडे चॅपरोनसाठी नेमका शब्द घडला नाही, याचे कारण रीतीतच आहे. आमच्या नागपुरात आजीच्या पिढीत मुलगी पाहायला वडीलधारी मंडळी येत आणि बोलणी त्यांच्यातच होत, त्यामुळे मुलामुलीची एकांतात गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या पिढीत, साक्षगंध झाल्यावर दोघांना तलावावर फिरायला जाण्याची मुभा मिळाली, तेव्हा घरचे ‘सोबतीला बंटीला घेऊन जा’ म्हणत. हा बंटी आठ-दहा वर्षांचा धाकटा भाऊ असला तरी भागत असे, कारण तिथे कोणीतरी हजर असणे पुरेसे होते. इंग्लंडच्या उच्चभ्रू घरांत मात्र असे भागत नसे. तिथली चॅपरोन बहुधा विवाहित किंवा वयाने मोठी स्त्री असे, आणि मुलीची कोणाशी ओळख व्हावी, यावर तिचा अधिकार चाले. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘चॅपरोन म्हणून आलेली वडीलधारी सोबतीण’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘सोबतीण’ म्हणावे, असे मला वाटते. ‘मध्यस्थ’ हा शब्दही टाळावा. जपानच्या मिआई पद्धतीत दोन्ही घरांची गाठ घालून देणाऱ्या नाकोदोला तो शोभतो, पण नाकोदो ओळख करून दिल्यावर दोघांना बोलायला मोकळे सोडतो, म्हणजे चॅपरोनच्या अगदी उलट वागतो.

कादंबरीत भेटवस्तूंचे उल्लेखही येतीलच. त्या काळच्या शिष्टाचारानुसार वाङ्निश्चयापूर्वी तरुणाने फुले, पुस्तक किंवा मिठाई द्यावी आणि दागिने वा कपडे देऊ नयेत, असा संकेत होता, कारण महागडी वस्तू स्वीकारली की तरुणी बांधली गेली असे मानले जाई. त्या फुलांना ‘आहेर’ म्हणू नका. आहेर एका घराकडून दुसऱ्या घराला जातो, आणि साक्षगंधात मुलीला मिळणारी साडीसुद्धा सासरच्या घराकडून येते, एकट्या मुलाकडून नाही. तिथे ‘भेट’ हाच शब्द योग्य आहे.

वाङ्निश्चयाच्या प्रसंगी मात्र ‘साक्षगंध’ वापरू नये. विदर्भाबाहेर ‘साखरपुडा’ अधिक रूढ आहे, हे एक कारण. शिवाय नातेवाइकांच्या साक्षीने गंध लावण्याचा विधी या शब्दातच दिसतो आणि तो इंग्लंडमधल्या पात्रांना चिकटवता येत नाही.