कथेतला आजीचा स्मार्ट टीव्ही: नेमकं कुठे अडेल?

प्रश्न: आजी आणि नात मिळून आजीचा पहिला स्मार्ट टीव्ही लावतात, अशी छोटी कथा लिहितेय. टीव्ही गूगल टीव्हीवाला, घर गावचं, केबलचा सेट-टॉप बॉक्स आहे पण वायफाय नाही. सेटअप करताना खरंच काय काय होतं?

उत्तर: वायफाय नाही म्हणजे नात स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट देणार, आणि कथेचा पेच तिथेच आहे. ती परत गेली की इंटरनेटही तिच्याबरोबर जाणार.

सुरुवात रिमोटपासून होते. सेल घातले की आवाज आणि चालू-बंद चालतं, पण माइकचं बटण रिमोट ब्लूटूथने जोडल्याशिवाय चालत नाही. त्यासाठी दोन बटणं एकदम दाबून धरायची असतात. कोणती, ते पडद्यावर दिसतं. पुढे टीव्ही विचारतो: पूर्ण गूगल टीव्ही हवा की साधा? साध्याला अकाउंट लागत नाही, केबल व्यवस्थित दिसते, फक्त अ‍ॅप मिळत नाहीत. आजीसाठी हेच पुरेसं होतं, पण नात पूर्णच निवडेल.

मग हॉटस्पॉट यादीत दिसणार नाही. स्वस्त टीव्हीत बहुधा 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय असतं आणि फोनचा हॉटस्पॉट 5 वर असू शकतो. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड बदलला की लगेच दिसतो. अकाउंट नातीचंच टाकलं, तर आजीने पाहिलेली कीर्तनं तिच्या फोनवरच्या यूट्यूबवर सुचवली जाऊ लागतील. हा धागा सोडू नका. लगोलग टीव्ही अपडेट मागतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधला बराच डेटा त्यातच जाऊ शकतो.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. नात एसटीत, आजी एकटी. टीव्ही लावला की तिच्या चॅनलऐवजी गूगल टीव्हीचं होम पान. चॅनल दिसायला बॉक्स त्याच्या रिमोटने सुरू करायचा, मग टीव्हीच्या रिमोटवरचं इनपुट बटण दाबून केबल जिथे खोचली ते `HDMI 1` निवडायचं. फोनवर असं काही होईल:

"आजी, काय लिहिलंय?"
"नो सिग्नल."
"बॉक्सचा दिवा लाल आहे का हिरवा?"
"लालच की गं."
"मग तो झोपलाय. बॉक्सच्या रिमोटचं वरचं बटण दाब."

दिव्याचे रंग बॉक्सगणिक बदलतात, पण `No Signal` दिसलं की दोनच शक्यता आधी तपासायच्या: बॉक्स बंद आहे, किंवा इनपुट चुकलंय. चित्र आहे पण आवाज बारीक, असं झालं तर बॉक्सचा आवाज तळाला असतो आणि आजी टीव्हीचाच वाढवत बसलेली असते.

नात हुशार दाखवायची असेल तर निघण्यापूर्वी तिला इनपुटच्या बटणावर आजीची टिकली चिकटवू द्या. काही टीव्हींत चालू होताच शेवटचं इनपुट लागण्याची सोयही असते. ती सापडली तर दुसऱ्या दिवशीचा फोनच येणार नाही, म्हणून कथेत ती सापडू देऊ नका.